गटारताईंचे एकसष्ट लाख

तिला गटारताई म्हणायला पहिली सुरुवात कुणी केली, यावर ऑफिसात कधीच एकमत झालं नाही. क्रीडा पानवाला म्हणायचा मी केली, सिनेमा पानवाली म्हणायची मी. आपल्यावरून दोन माणसं भांडतात यातच तिला समाधान होतं. शहराचं पाणी कुठून येतं, कुठल्या पाइपातून घरात शिरतं आणि घाण होऊन कुठून बाहेर पडतं, एवढा तिचा बीट. बीट म्हणजे बातमीदाराच्या नावावर केलेला विषय. कुणाला कोर्ट मिळतं, कुणाला पोलीस, कुणाला नट्या. हिच्या वाट्याला चिखल आला आणि हिने तो इतका मनापासून तुडवला की पुढे दुसरा बीट देऊ केला तेव्हा हिनेच नको म्हटलं.

मग मालकांनी शहराची पानंच बंद केली. मालकांच्या मुलाने सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं, बिस्किटं वाटली आणि आपण सारे एका कुटुंबातले आहोत असं गदगदून सांगितलं. कुटुंबाची आठवण काढली तेव्हाच तिने ओळखलं की आपल्याला घराबाहेर काढणार. महिनाअखेरपर्यंत नोटिशीची मुदत होती. तोपर्यंत ओळखपत्र, लॉगिन आणि कॉफीच्या यंत्रावरचा हक्क शाबूत होता.

शहरात तिच्या जोगी जागा एकच निघाली होती. एका नव्या वेब दैनिकाला पाणी आणि सार्वजनिक आरोग्य यांसाठी बातमीदार हवा होता. ती जागा हुकली तर उरलेल्या आयुष्यात गीझरच्या कंपनीसाठी ‘थंडीत अंघोळ का करावी’ असले लेख पाडायचे. तसले लेख तिने सुट्टीच्या दिवशी पुष्कळ पाडले होते, त्यात तिला कमीपणा वाटत नव्हता. पण सकाळी उठल्यावर पंपावरच्या माणसाला फोन लावून ‘आज काय फुटलं’ असं विचारायचं नाही, मग दात तरी कशाला घासायचे, अशी तिची अवस्था होती. तिला ती जागा हवी होती, अगदी लहान मुलाला गाडीत खिडकीची जागा हवी असते तशी.

वेब दैनिकाने अर्जासोबत एक दुवा मागितला होता. तो उघडला की कळलं पाहिजे, तुम्ही काय लिहिलं, कुठल्या विषयांवर लिहिलं आणि ते किती लोकांपर्यंत पोचलं. तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि चार दिवस खपून एक पान तयार केलं. मग ते दाखवायला नणंदेला बोलावलं.

नणंद तिच्यापेक्षा लहान, पण अशा पानांवरच तिचं पोट. ती जाहिरात एजन्सीत होती. कंपन्यांना लेख लिहून हवे असले की लेखक निवडायचं काम तिच्याकडे असे, त्यामुळे लेखकांची असली पानं ती दिवसभर उघडायची आणि मिटायची. तिने वहिनीचं पान उघडलं, बोटाने खाली सरकवलं, आणखी सरकवलं, चहाचा घोट घेतला आणि परत सरकवलं. पान संपत नव्हतं. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या बातम्यांचे दुवे तारीखवार लावलेले होते.

“वहिनी, हा पोर्टफोलिओ नाही, ही रद्दी आहे,” नणंद म्हणाली.

मग तिने शिकवणी घेतली. संपादक काय किंवा कंपनीवाला काय, कुणीही हे पान वाचत नाही, नुसतं बघतो. एक घोट चहा घशाखाली उतरेपर्यंत त्याला कळलं पाहिजे की ही बाई कोण आणि हिला काय येतं. म्हणून वर एकच ओळ, तू कोण. खाली तीन बीट, त्याहून जास्त नको, कारण दहा विषय लिहिले की एकही येत नाही असं वाटतं. त्याखाली सहाच बातम्या, जुन्या-नव्या नव्हे, चांगल्या. प्रत्येकीखाली एक ओळ, की यात तू नेमकं काय केलंस आणि पुढे काय झालं. एक शोधबातमी, एक माणसाची गोष्ट, एक आकडेवारीची, एक घाईत दिलेली. म्हणजे आवाका कळतो. दुवे मरतात, पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, म्हणून छापील पानाची प्रत शेजारी जोडायची. आणि कंपन्यांसाठी पैसे घेऊन लिहिलेलं सगळं वेगळ्या पानावर, वर ‘प्रायोजित’ असं ठळक लिहून. कारण नळाच्या पाण्याची बातमी आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्राची जाहिरात एकाच रांगेत दिसली, की संपादक दोन्ही जाहिराती समजतो.

गटारताईने मान खाली घालून ऐकलं. एक अडचण तिने भीत भीत सांगितली. तिच्या अर्ध्या बातम्यांवर तिचं नावच नव्हतं. जुने संपादक खूश असले तर नाव द्यायचे, नाहीतर ‘प्रतिनिधी’ लिहून मोकळे व्हायचे. नणंद म्हणाली की तसं स्पष्ट लिही आणि खातरजमेसाठी डेस्कप्रमुखाचा नंबर दे. डेस्कप्रमुखाचीही नोकरी गेलेली असल्याने तो फोन नक्की उचलेल, यावर दोघींचं एकमत झालं.

रात्रीच्या जेवणाआधी बाकी सगळं जमलं. राहिला आकडा. नणंदेने विचारलं, हे वाचलं किती जणांनी? आणि बजावलं की वर्तमानपत्राचा एकूण खप आपला म्हणून टाकायचा नाही, ते सगळेच करतात आणि सगळ्यांनाच कळतं. तुझ्या नावावरचं वाचन दे.

आता वाचनाचं म्हणशील तर गटारं कोण वाचतं? ‘उत्तरेकडील जलवाहिनीच्या दुरुस्तीची निविदा पुन्हा रखडली’ ही बातमी तिने तीन आठवडे खपून दिली होती आणि ती सातशे लोकांनी उघडली होती. त्यातले निम्मे ठेकेदार असावेत. तरीही तिने ऑफिसच्या लॉगिनने स्वतःचं आकड्यांचं पान उघडलं. तिच्या खात्यावर आजवर चढलेल्या मजकुराचं एकूण वाचन तिथे ठसठशीत लिहिलं होतं. एकसष्ट लाख.

नणंदेने चहाचा कप खाली ठेवला. वहिनीकडे तिने इतक्या आदराने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. हे सगळ्यात वर टाक, ठळक टाक, असं सांगून ती घरी गेली.

गटारताई मात्र तशीच बसून राहिली. एकसष्ट लाख कुठून आले हे तिला चांगलं माहीत होतं.

त्याचं असं झालं होतं. पेपरात रोजचं राशिभविष्य लिहिणारे एक ज्योतिषीबुवा होते. ते मुलाकडे परदेशी गेले, ते तिकडचेच झाले. आपण परत येणार नाही हे त्यांना आधी कळलं नव्हतं, यावर ऑफिसात पुष्कळ हसून झालं. पण भविष्य तर रोज हवं. जुन्या संपादकांनी नजर फिरवली आणि ज्या बातमीदाराला संध्याकाळी सर्वांत कमी काम असतं, तिच्या गळ्यात ते टाकलं. चार दिवसांपुरतं म्हणाले होते. ती तीन वर्षं लिहीत होती. छापताना नाव बुवांचंच, फोटोही बुवांचाच, पण मजकूर चढायचा तो तिच्या लॉगिनने. गटारं सातशे लोक वाचायचे आणि भविष्य रोज हजारोंनी.

हे ऑफिसबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. घरात तर मुळीच नाही, कारण घरात सासूबाई होत्या. त्यांची रास सिंह, आणि चष्मा लावून फोनवर बुवांचं भविष्य वाचल्याशिवाय त्या पलंगावरून पाय खाली टाकत नसत. आता इतकं हाताशी आलेलं कोण सोडेल? पहिले सहा महिने गटारताई सरळमार्गी राहिली. मग एकदा पीठ मळण्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला आणि तिसऱ्या दिवशी सिंहेच्या लोकांना ‘सुनेशी वाद टाळल्यास प्रकृती उत्तम राहील’ असं वाचायला मिळालं. प्रकृती खरंच उत्तम राहिली. नवऱ्याची रास कर्क. कर्केच्या पुरुषांना त्या तीन वर्षांत भांडी घासल्याने मनःशांती लाभली, ती किती घरांत लाभली असेल देव जाणे.

तेव्हा एकसष्ट लाखांतले साठ तरी बुवांचे होते. टाकावा का हा आकडा? तिने स्वतःशी वाद घातला. लॉगिन माझं, बोटं माझी, डोकं माझं. म्हणजे खोटं काहीच नाही. फक्त कशाचं वाचन, हे लिहायचं नाही. इतकी वर्षं ज्या अधिकाऱ्यांच्या असल्या उत्तरांची तिने सालं काढली होती, त्यांच्याच सुरात आपण बोलतोय हे तिच्या ध्यानात आलं. तरी तिने आकडा टाकला. ‘एकूण वाचक ६१ लाख’, आणि लगेच खाली, ‘बीट: पाणी, सांडपाणी, सार्वजनिक आरोग्य’.

सकाळी नणंदेच्या हुकमाप्रमाणे परीक्षा घेतली. पान कुणाला तरी क्षणभर दाखवायचं, मिटायचं आणि काय लक्षात राहिलं ते विचारायचं. नवऱ्याला फोटो लक्षात राहिला. सासूबाईंना आकडा.

“एकसष्ट लाख लोकांनी गटारं वाचली?” त्या म्हणाल्या. “लोकांना काही कामधंदे उरले नाहीत का गं?”

तरी तिने पान तसंच पाठवून दिलं. दुसऱ्याच दिवशी मुलाखतीचं बोलावणं आलं.

वेब दैनिकाचं ऑफिस पूर्वी फर्निचरचं दुकान होतं. भिंतीवर ‘कपाटे दुसऱ्या मजल्यावर’ ही पाटी अजून होती आणि तिच्याखाली तीन पोरी कानाला हेडफोन लावून टायपत होत्या. काचेच्या खोलीत दोघं बसले होते. एक संपादिका, पिकल्या केसांची, समोर गार झालेली कॉफी. दुसरा ब्रँडचे व्यवहार बघणारा गृहस्थ, शर्ट इतका इस्त्रीचा की बसताना तो घाबरून बसत होता. इथे नोकरी द्यायची संपादिकेने, पण पगार यायचा गृहस्थाने आणलेल्या जाहिरातींतून. म्हणून दोघं.

संपादिकेने पान मोठ्या पडद्यावर लावलं. तिने खरोखर घोटभर वेळच घेतला. रुग्णालयातल्या डायलिसिसच्या पाण्याची बातमी उघडली, दोन परिच्छेद वाचले, मिटली. मैला टाकीत उतरणाऱ्या माणसाची गोष्ट उघडली, ती मात्र शेवटपर्यंत वाचली. ‘प्रतिनिधी’ असलेल्या बातम्यांखालची स्पष्ट ओळ पाहून तिने मान हलवली. गटारताईला वाटलं, आपण इथे आत्ताच बॅग ठेवावी आणि कामाला लागावं.

मग संपादिकेचं बोट वर गेलं.

“माझी अख्खी साइट महिनाभरात एवढी वाचली जात नाही,” ती म्हणाली. “आणि तुमचा विषय मैला. तुमच्या जुन्या साइटवरचं आकड्यांचं पान आहे ना? इथेच उघडा.”

नाही म्हणायची सोय नव्हती. नोटिशीची मुदत अजून संपायची होती आणि लॉगिन, मेलं, पहिल्या फटक्यात उघडलं. एरवी ऑफिसात तीनदा टाकावं लागायचं. पडद्यावर तिचा सगळा मजकूर जास्त वाचनापासून कमीकडे ओळीने लागला. पहिली ओळ, आजचं राशिभविष्य. दुसरी, आजचं राशिभविष्य. संपादिका खाली सरकवत राहिली. मेष ते मीन, मेष ते मीन, अशी तीन वर्षं त्या काचेच्या खोलीतून वाहत गेली. बाहेरच्या पोरींपैकी एकीने हेडफोन काढला.

संपादिकेचा चेहरा दुकान बंद केल्यासारखा झाला. इस्त्रीवाल्या गृहस्थाचा मात्र उजळला. तो खुर्चीत पुढे सरकला आणि भराभर विचारू लागला. रोज लिहिता का? किती वेळ लागतो? वाचणारे पुरुष जास्त की बायका, वय काय, परत परत येतात का? त्याच्याकडे एक गाद्यांची कंपनी होती. बारा राशींना बारा गाद्या, असं काहीतरी त्याच्या डोक्यात आकार घेत होतं. बातमीदाराच्या जागेचं बाजूला ठेवा, तो म्हणाला, मी तुम्हाला आजच्या आज घेतो.

म्हणजे नोकरी समोर होती. पगारही, बहुधा, जास्त. गटारताईने पडद्याकडे पाहिलं आणि तिला स्वतःची चीड आली. गाद्या विकायला काही हरकत नव्हती. पण मैला टाकीत उतरलेल्या माणसाच्या डोक्यावर तिने स्वतःच्या हाताने बुवांना बसवलं होतं, आणि आता खोलीत कुणालाही तो माणूस दिसत नव्हता. तिने गृहस्थाला सांगितलं की आकडा भविष्याचा आहे, बातम्यांचं वाचन जेमतेम लाखभर असेल, ते लपवायला नको होतं. आणि गाद्यांचं तिला जमणार नाही. एवढं बोलून ती बॅग शोधू लागली.

संपादिका मात्र अजून पडद्याकडेच बघत होती. ती यादी परत वर घेऊन गेली होती आणि पहिल्याच ओळीवर तिचं बोट थांबलं होतं. तेही भविष्यच, दोन वर्षांपूर्वीचं. पण बाकीच्या दिवसांच्या दुप्पट लोकांनी वाचलेलं आणि खाली प्रतिक्रियांचा ढीग. तिने ते उघडलं.

मेष: पोटाच्या तक्रारी संभवतात, पाणी उकळून प्यावे. वृषभ: आर्थिक लाभ, मात्र पाणी उकळून प्यावे. मिथुन: प्रिय व्यक्तीची भेट होईल, तिलाही उकळलेलेच पाणी द्यावे. असं करत मीनेपर्यंत. सिंहेला तर वीस मिनिटं खळखळ उकळण्याची सूचना होती आणि लहान मुलांना नळाचं पाणी मुळीच देऊ नये असं वर बजावलेलं. खाली प्रतिक्रियांत कुणी विचारलं होतं की बुवा प्लंबर झाले का. कुणी लिहिलं होतं, माझी आणि बायकोची रास वेगळी, तरी दोघांचं पाणीच निघालं, हा काय चमत्कार.

“हे काय आहे?” संपादिकेने विचारलं.

आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे तिने सगळं सांगितलं. त्या दिवशी शुद्धीकरण केंद्रातला क्लोरिन सोडणारा पंप बंद पडला होता. पंपावरच्या माणसाने सकाळी फोनवर सांगितलं. दुपारी प्रयोगशाळेचा अहवाल तिच्या हातात होता, अर्ध्या शहराच्या नळांचे नमुने पिण्यालायक नाहीत. तिने बातमी लिहून दिली. जुने संपादक म्हणाले, अधिकाऱ्यांचा दुजोरा आला की लावू. अधिकारी फोन उचलत नव्हते. दुजोऱ्याशिवाय लावली आणि चुकली तर शहरात घबराट होईल, असं संपादकांचं म्हणणं. ते अगदीच चूक होतं असंही नाही. ती संध्याकाळपर्यंत त्यांच्या टेबलापाशी उभी राहून भांडली, रडलीसुद्धा. ते घरी निघून गेले. मग तिच्यापुढे उद्याचं भविष्य राहिलं होतं, ते कुणीच तपासत नसे. बातमी तिसऱ्या दिवशी आली, आतल्या पानात, ‘प्रतिनिधी’ म्हणून.

संपादिका पटकन विरघळणाऱ्यातली नव्हती. तिने सरळ सांगितलं की लोकांना ताऱ्यांच्या नावाने सांगणं ही फसवणूकच झाली. माझ्याकडे असं केलंत तर त्याच दिवशी घरी पाठवीन. गटारताई म्हणाली, मान्य आहे. कुणी खरंच पाणी उकळलं की नाही, हेही तिला ठाऊक नव्हतं. घरी सासूबाईंनी पातेली चढवली होती, तेवढी एक गोष्ट खात्रीची.

“मग हे तुमच्या पानावर का नाही?” संपादिका म्हणाली.

“लाज वाटते.”

“लाज त्या आकड्याची वाटायला हवी होती. मी रोज असली पानं बघते. प्रत्येकाच्या पानावर लाखो वाचक असतात, पण त्यांच्यासाठी भांडलेला एकही दिवस नसतो. तुमच्याकडे आहे आणि तो तुम्ही खाली गाडून ठेवलाय. घरी जा, पान पुन्हा करा. खरे आकडे टाका. उद्या पाठवा, मग ठरवते.”

गृहस्थाने गाद्यांचं कार्ड तरीही तिच्या हातात कोंबलं.

घरी येऊन तिने आकडा पुसला. त्या जागी लिहिलं, ‘बातम्यांचं वाचन सुमारे एक लाख. बहुतेक बातम्या हजाराच्या आत, कारण विषय गटारांचा.’ त्याखाली तिने सातवा तुकडा जोडला. एका बाजूला त्या दिवसाचं भविष्य, दुसऱ्या बाजूला तिसऱ्या दिवशीची छोटी बातमी, आणि खाली ओळ: ‘बातमी अडली, म्हणून पाणी उकळण्याची सूचना राशिभविष्यात घातली. हे भविष्य तीन वर्षं मी लिहीत होते. ही पद्धत बरोबर नव्हती.’ नणंदेला फोनवर वाचून दाखवलं. नणंद पाच मिनिटं हसली. मग म्हणाली की आईची परीक्षा घेतल्याशिवाय पाठवू नकोस, ती सगळ्यात कडक संपादक आहे.

हेच तर गटारताईला नको होतं. पण पान एकदा जगासाठी उघडलं की ते सासूबाईंपासून लपणार नव्हतं. नंतर शेजारणीकडून कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं, असं म्हणून तिने लॅपटॉप स्वयंपाकघरात नेला, पान उघडलं आणि मनातल्या मनात मोजायला लागली.

सासूबाईंनी लॅपटॉप मिटू दिला नाही. चष्मा लावला. सहा बातम्या सोडून त्या थेट सातव्यावर गेल्या, खालची ओळ वाचली, परत वाचली. गॅसवर चहा उतू जायला आला तो गटारताईने उतरवला, तेवढंच तिच्या हातात होतं.

“म्हणजे बुवा तू,” सासूबाई म्हणाल्या.

“हो, आई.”

“सुनेशी वाद टाळा, तेही तूच.”

“हो.”

तीन वर्षांचे दिवस सासूबाईंच्या चेहऱ्यावरून एकेक करून जात असावेत, अबोल्याचे, गोडीचे आणि सुनेच्या हातचं खाऊन बरं वाटल्याचे. मग त्या म्हणाल्या की त्या दिवशी त्यांनी नुसती पातेली चढवली नव्हती. समोरच्या बाईच्या नातवाला बाटलीत नळाचं पाणी भरून देत होते, ते त्यांनी जाऊन ओतून दिलं होतं. समोरची बाई महिनाभर बोलत नव्हती. तेव्हा हे सगळं कुणाच्या सांगण्यावरून केलं, एवढं कळलं ते बरं झालं.

“पण हे ‘वाचक’ खोटं होतं बघ तुझं,” त्या पुढे म्हणाल्या. “मी रोज दोनदा उघडायची. एकदा माझं बघायला, एकदा माझ्या लेकाचं. तीन वर्षं. त्या एकसष्ट लाखांत किती मीच आहे, ते काढ आधी.”

हे बरोबरच होतं. आकडा वाचनांचा असतो, माणसांचा नसतो. ही शिकवणी नणंदेनेही दिली नव्हती. गटारताईने भविष्याखालच्या ओळीत भर घातली, ‘एक वाचक रोज दोनदा’, आणि पान पाठवलं.

संपादिकेचं उत्तर दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी आलं. सोमवारी या, बीट पाणी. गाद्यावाल्याला सांगितलंय की तुम्हाला राशी येत नाहीत. आणि तो रोजचा एक वाचक इकडे घेऊन या, आम्हाला कमी आहेत.

गटारताईने ते सासूबाईंना वाचून दाखवलं. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, पाय अजून वरच. त्यांनी फोन पुढे केला, त्यात नव्या साइटचं पान कसं उघडायचं ते समजून घेतलं आणि तिथे दिसलेली गटारांची पहिली बातमी डोळ्यांजवळ नेऊन वाचली. दोनदा वाचली. मग पाय खाली टाकले.